सहा गुणांचा प्रश्न

एक प्रश्न पेपरात घालून घ्यायला बाईंना चार वर्षं लागली.

बाई म्हणजे इतिहासाच्या शिक्षिका. शाळेत एकवीस वर्षं काढलेल्या, आणि शालान्त परीक्षेचा इतिहासाचा पेपर काढणाऱ्या चौघांपैकी एक. परीक्षा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. खिडक्यांच्या काचांना आतून पांढरा रंग दिलेला, फोन दाराबाहेरच्या ट्रेमध्ये ठेवायचे, आणि कच्चे कागद बाहेर पडण्याआधी यंत्रात घालून त्यांच्या शेवया करायच्या. त्या खोलीत दर वर्षी चौघं बसायची आणि एकोणिसाव्या शतकातल्या सामाजिक सुधारणांच्या धड्यावर दर वर्षी तोच प्रश्न निघायचा: पुढील संस्थांचे संस्थापक व स्थापनेचे वर्ष लिहा.

चौघांत वयानं सगळ्यांत मोठे एक सर होते. कुठलाही सन झोपेतून उठवून विचारा, सांगणार. पाठीमागे त्यांना सगळे सनावळी म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"मुलं पंचवीस नावं घडाघडा म्हणतात," बाई म्हणायच्या. "पण या लोकांना हे करावंसं का वाटलं, अडवलं कुणी, फायदा कुणाचा झाला, बाजूला कोण राहिलं, हे आपण विचारतच नाही."

"विचारा की. पण तपासणार कसं?" सनावळी शांतपणे म्हणायचे. "सन चुकला तर चुकला. मत चुकलं हे कोण ठरवणार? हजार परीक्षक, हजार तऱ्हा."

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं आणि बाईंना तेच सलायचं.

पहिल्या वर्षी बाईंनी प्रश्न आणला, 'सामाजिक सुधारणांच्या चळवळींचे मूल्यमापन करा.' पेपर काढणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी तो दोनदा वाचला. अध्यक्ष हुशार होते, फक्त थकलेले होते. म्हणाले, "बाई, शब्द भारी आहे. पण मुलं याच्याखाली यादीच लिहितील, आणि आपण यादीलाच गुण देऊ." दुसऱ्या वर्षी बाईंनी चळवळींचं यश आणि अपयश विचारलं. सनावळींनी पाठ्यपुस्तक उघडून पान दाखवलं. 'यश' आणि 'मर्यादा' अशी दोन ठळक शीर्षकं तिथे होतीच. म्हणजे पुन्हा पाठांतर. तिसऱ्या वर्षी 'तुम्हाला कोणता सुधारक सर्वांत महत्त्वाचा वाटतो?' तर त्याची उत्तरं म्हणजे नुसत्या आरत्या झाल्या असत्या, हे बाईंनाच वाचता वाचता कळलं, आणि तो कागद त्यांनी स्वतःच यंत्रात घातला.

चौथा प्रश्न घरी सुचला.

घरी बाई आणि त्यांचे यजमान, दोघंच. यजमान दुसऱ्या शाळेत हाच विषय शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. सहा वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आवाज नसलेला मास्तर म्हणजे धार नसलेली सुरी, असं त्यांनीच एकदा कागदावर लिहिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला होता. तेव्हापासून ते एका प्रकाशकाची मुद्रितं तपासायचे. बाईंशी बोलायचे ते त्याच मुद्रितांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिलीनं, भरभर, अनुस्वार गाळत. जेवणाच्या टेबलावर अशा कागदांची चवड असायची. बाई तोंडानं बोलायच्या, ते हातानं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई एकटीच भांडते आहे.

त्या वर्षी ठरलं होतं की नवा प्रश्न आधी नमुना प्रश्नपत्रिकेत छापायचा आणि शाळांना पाठवायचा. गुप्ततेचा मामला नव्हता, म्हणून बाई घरी मोकळेपणानं बोलल्या.

मास्तरांनी लिहिलं, 'क्रियापद मोठं करून प्रश्न मोठा होत नाही. उत्तर पुस्तकातून उचलता आलं की संपलं. दोन खऱ्या गोष्टी अशा शोध ज्या एकमेकींना टोचतात.'

"म्हणजे?"

'सुधारणा कुणासाठी? स्त्रियांसाठी. सभेत भाषणं कुणाची? पुरुषांची.'

बाई हातातला घास तसाच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "दार उघडलं, हे खरंच. पण ज्या घराचं दार बाहेरून उघडलं जातं, त्या घरातल्या माणसाच्या हाती किल्ली आलेली नसते."

मास्तरांनी त्या वाक्याला टेबलावर टकटक करून दाद दिली. टाळी वाजवल्यासारखी.

प्रश्न ठरला तो असा: 'एकोणिसाव्या शतकातील सुधारणा चळवळींत स्त्रियांविषयी पुष्कळ बोलले गेले. स्त्रियांना स्वतः बोलण्याची संधी कितपत मिळाली? पुरावे देऊन तुमचे मत मांडा.' गुण सहा. सनावळींच्या शंकेला उत्तर म्हणून बाईंनी गुणदानाचे निकषही लिहिले. नुसती नावं आणि वर्षं असतील तर दोनपर्यंत. कारणं उलगडून दाखवली तर चारपर्यंत. दोन्ही बाजू तोलून, पुराव्यानिशी, स्वतःचा निष्कर्ष काढला तर पाच किंवा सहा. सनावळी अडून बसले, म्हणून एक अट जास्तीची घातली: किमान दोन उदाहरणं नावानिशी हवीत, नाहीतर दोनच्या वर गुण नाहीत. बाईंनी ती मान्य केली. देवघेव केल्याशिवाय काही पुढे सरकत नाही, हे चार वर्षांत त्या शिकल्या होत्या.

प्रत्यक्ष पेपरासाठी त्यांना वेगळा प्रश्न हवा होता. अध्यक्ष नको म्हणाले. "पहिलंच वर्ष आहे. मुलं बिचकतील. नमुन्यातलाच ठेवू, दोन शब्द इकडचे तिकडे करू." बाईंनी फार ताणलं नाही. एवढं मिळालं हेच पुष्कळ होतं.

*

उत्तरपत्रिका तपासायचं काम एका शाळेच्या सभागृहात चालायचं. बाकांच्या रांगा, प्रत्येक बाकावर पंचवीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, आणि डोक्यावर गरम हवाच खाली ढकलणारे पंखे. बाई तिथे नियामक होत्या. म्हणजे इतरांनी तपासलेल्यांतल्या काही पुन्हा तपासायच्या. पण त्या दिवशी त्यांनी एक न तपासलेला गठ्ठाच मागून घेतला. आपला प्रश्न मुलांच्या हातात कसा दिसतो ते त्यांना स्वतःला बघायचं होतं.

पहिल्या मुलीचं उत्तर वाचून त्यांना भरून आलं. दोन्ही बाजू होत्या, उदाहरणं होती आणि शेवटी 'माझ्या मते' म्हणून निष्कर्ष. त्यांनी सहा गुण दिले. वीस वर्षांत कुणाला सहापैकी सहा दिल्याचं आठवत नव्हतं.

दुसरं उत्तरही चांगलं होतं. तिसरंही. चौथं वाचताना आपण पान उलटायला विसरलो की काय असं वाटून त्यांनी मागे पाहिलं. तेच परिच्छेद, तीच उदाहरणं, त्याच क्रमानं. आणि शेवटी: 'माझ्या मते, ज्या घराचे दार बाहेरून उघडले जाते, त्या घरातील माणसाच्या हाती किल्ली आलेली नसते.'

बाईंनी पहिली उत्तरपत्रिका परत काढली. तिथेही तेच वाक्य होतं. मघाशी वाचताना आवडलं होतं, आपलंसं वाटलं होतं. ते का, हे आता कळलं.

पंचवीसपैकी सतरा जणांची 'माझी मतं' एकच होती. एका मुलानं घाईत लिहिलं होतं, 'त्या माणसाच्या हाती किल्ला आलेला नसतो.' शेजारच्या परीक्षक बाईंनी ते वाचलं आणि हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला. "अहो, किल्ला! बरं झालं नाही आला, नाहीतर लढावं लागलं असतं!" बाईही हसल्या. 

दुपारी सनावळी त्यांच्या बाकाशी आले. त्यांच्या हातात आणखी दोन गठ्ठे होते.

"बाई, हे सगळं गाइडमधलं आहे. आमच्या शाळेतली पोरं घेऊन फिरतात. काय करायचं?"

"पाठ केलेलं आहे हे."

"आहे. पण तुमचे निकष काय म्हणतात? कारणं आहेत. पुरावे आहेत. दोन्ही बाजू आहेत. निष्कर्षही आहे." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "स्वतःचा निष्कर्ष की दुसऱ्याचा, हे कागदावरून कळत नाही ना. गुण द्यावे लागतील."

गुण दिले गेले. सहा, सहा, साडेपाच, सहा.

गठ्ठ्यातल्या बाविसाव्या उत्तरपत्रिकेत मात्र आठच ओळी होत्या, आणि त्यांत सुधारकांची नावं नव्हती. अक्षर वाकडं. 'बोलायला मिळाले का ते मला सांगता येत नाही कारण आमच्या पुस्तकात त्यांचे बोलणे दिलेले नाही. धड्यात नऊ फोटो आहेत त्यात बायकांचे दोन आहेत. त्या काय म्हणाल्या ते नाही, त्यांनी काय सोसले तेवढे आहे. त्या बोलल्या असतील आणि कोणी लिहून ठेवले नसेल तर आपल्याला कसे कळणार.'

बाईंनी ते तीनदा वाचलं. चार वर्षं ज्याच्यासाठी भांडल्या ते हेच होतं. त्यांनी पेन उचललं, निकषांचा कागद शेजारी ओढला. 'किमान दोन उदाहरणं नावानिशी.' अट त्यांनीच मान्य केलेली, खाली सहीही त्यांचीच. नियामकानंच निकष मोडले तर त्या बाकांवर बसलेल्या साठ माणसांना काय सांगायचं?

त्यांनी दोन गुण दिले आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

*

घरी पोचल्या तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मास्तर टेबलाशी मुद्रितं तपासत बसले होते. बाईंनी चप्पल काढली, पर्स न ठेवताच टेबलापाशी आल्या, आणि बोलण्यासाठी ठेवलेल्या कागदांच्या चवडीतला वरचा कागद उचलून उलटा केला.

मागे छापलेलं होतं: 'उच्चस्तरीय प्रश्न : हमखास उत्तरे.' खाली प्रश्न क्रमांक चौदा, बाईंचाच.

इतकी वर्षं त्या या कागदांच्या एका बाजूवर नवऱ्याचं बोलणं वाचत होत्या. दुसरी बाजू एकदाही पाहिली नव्हती.

"हे तपासता तुम्ही, की लिहिता?"

मास्तरांनी चष्मा काढला. मग त्यांनी लिहिलं, 'लिहितो. दोन वर्षं झाली. नाव छापत नाहीत.'

"माझं वाक्य दिलंत त्यात."

'चांगलं होतं.'

"अहो, ते मी तुमच्याशी बोलले होते! इथे, जेवताना!" बाईंचा आवाज चिरकला. "आज सतरा पोरांनी ते मला माझ्या मते म्हणून ऐकवलं. सतरा! एकाच्या हाती किल्ला दिलाय. मी त्यांना सहा सहा गुण देऊन आले."

मास्तरांच्या ओठांच्या कडा हलल्या, 'किल्ला'मुळे असेल. पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी मान खाली घातली आणि लिहायला लागले. या वेळी भरभर नाही, एकेक ओळ थांबून.

'तू प्रश्न विचारलास. छान विचारलास. पण शिकवलं कुणी? ज्या शाळेत मास्तर स्वतः सनावळीच घोकून घेतो, तिथल्या पोरानं सहा गुण कुठून आणायचे? तुझा प्रश्न कुणासाठी, तर ज्यांच्या घरी जेवताना वाद होतात त्यांच्यासाठी. बाकीच्यांना कुणीतरी उत्तर द्यायला नको? मला वर्गात उभं राहून देता येत नाही. म्हणून असं दिलं.'

बाईंनी वाचलं. खोडून काढावं असं त्यात काही सापडेना, आणि त्यामुळेच त्यांना जास्त राग आला.

"मी सही केली आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "दर वर्षी लिहून देते. माझा किंवा माझ्या घरातल्या कुणाचा गाइड पुस्तकांशी संबंध नाही म्हणून. दोन वर्षं मी खोटं लिहून दिलंय, तुमच्यामुळे."

हे मास्तरांच्या ध्यानात आलं नसावं.  त्यांनी पेन्सिल उचलली, ठेवली, परत उचलली.

'मग सांगून टाक त्यांना.'

ते बाईंनी केलं नाही. सांगितलं असतं तर मंडळातून काढलं असतं, आणि प्रश्नही गेला असता. त्यांनी स्वतःची समजूत घातली की आपण हे प्रश्नासाठी करतो आहोत. थोडंसं ते खरंही होतं.

"तुम्ही हे काम सोडा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीची सही तरी खरी असू दे."

मास्तरांनी त्याच आठवड्यात काम सोडलं. प्रकाशकाला चार ओळींचं पत्र लिहिलं, उरलेली मुद्रितं बांधून परत पाठवली. बोलायला कोरे कागद लागतील म्हणून बाईंनी एक जाड वही आणून दिली. ती महिनाभर पुरेल असं त्यांना वाटलं होतं. सहामाही झाली, दिवाळी झाली, तरी तिची दहा पानंही भरली नाहीत. 'चहा हवा.' 'दूधवाला आला होता.' 'डोकं दुखतंय, जेवत नाही.' सकाळी पेपर वाचायचे, दुपारी पडायचे, संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. घरात आता खरोखर एकच माणूस बोलत होतं, आणि तेही हळूहळू बोलायचं कमी झालं.

*

त्या हिवाळ्यात बाईंनी नवा प्रश्न काढला. घरी कुणाशी बोलायचं नव्हतं, बोलता येणारही नव्हतं. शाळेच्या वाचनालयात, सगळे गेल्यावर, त्या एकट्या बसायच्या.

या खेपेला पाठ करून चालणार नाही असा प्रश्न हवा होता. म्हणजे सामग्री मुलांनी कधी न पाहिलेली हवी. त्यांनी दोन छोटे उतारे तयार केले. पहिला, मुलींची शाळा चालवणाऱ्या एका संस्थेचा वार्षिक अहवाल: 'यंदा चाळीस मुलींनी नाव घातले. प्रगती समाधानकारक आहे. आमच्या कार्यास सर्व थरांतून पाठिंबा मिळत आहे.' दुसरा, त्याच शाळेच्या हजेरीपुस्तकातलं पान: पहिल्या महिन्यात हजर चाळीस, चौथ्यात सव्वीस, आठव्यात अकरा, शेरे, 'घरी बोलावून नेले', 'लग्न ठरले', 'वाटेत लोक अडवतात म्हणून येत नाही', 'धाकट्या भावास सांभाळते.' आणि प्रश्न: 'दोन्ही नोंदी एकाच शाळेच्या, एकाच वर्षाच्या आहेत. अहवाल लिहिणाऱ्याने कोणत्या गोष्टी सांगितल्या नाहीत? त्याने त्या का सांगितल्या नसाव्यात? नोंदींतील आधार देऊन लिहा.'

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तो कागद टेबलावर फिरला. 

"यात सुधारक कुठे आहेत?" सनावळींनी विचारलं.

"अहवाल लिहिणारा आहे ना."

"त्याचं नाव?"

"नाव नाही, सर. नाव नाही म्हणूनच पाठ करता येणार नाही."

सनावळींनी पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाले, "चांगला आहे, बाई. मला नसता काढता आला." आणि लगेच पुढे, "पोरांनाही नाही जमणार. त्यांना आपण असं कधी वाचायला दिलंच नाही."

अध्यक्षांनी दोन दुरुस्त्या केल्या. उताऱ्यांखाली 'परीक्षेसाठी तयार केलेले उतारे' असं स्पष्ट छापायचं, म्हणजे कुणी ते खरे दस्तऐवज समजणार नाही. आणि निकषांत, जो मुद्दा उताऱ्यातल्या शब्दांवर दाखवता येणार नाही त्याला गुण नाहीत. बाईंना दोन्ही पटलं. नमुना आधी शाळांना पाठवू या, असं सनावळी म्हणाले. पाठवला की त्याचं गाइड होतं, असं बाई म्हणाल्या. जरा जोरातच म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. नमुना पाठवला नाही.

पेपराच्या दिवशी बाई आपल्याच शाळेत पर्यवेक्षणाला होत्या. तासाभरानं मुलं त्या प्रश्नापाशी आली.  वर्गातला लिहिण्याचा आवाज थांबला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं पान उलटून पाहिलं, कुठे काही राहिलं का म्हणून. मागच्या मुलानं हात वर केला. "बाई, हा धडा आपल्याला होता?" सूचना देण्याची मुभा नव्हती. बाई म्हणाल्या, "पेपर नीट वाच." त्यानं वाचला. त्याचे डोळे भरले ते त्यांना दिसले.

निम्म्याहून जास्त मुलांनी तो प्रश्न सोडला. बाकीच्यांतल्या बहुतेकांनी धड्यातली सगळी नावं सनांसकट लिहिली. आणि कितीतरी जणांनी गेल्या वर्षीचं गाइड पाठ केलेलं होतं, त्यांनी तेच उतरवलं होतं. दार, घर, किल्ली.

मग पालक कार्यालयावर आले. वर्तमानपत्रांत 'अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न' म्हणून बातम्या आल्या. उत्तरपत्रिका तपासायला सुरुवात होऊन चौथ्या दिवशी पत्रक आलं: ज्यांनी प्रश्नाचा क्रमांक लिहिला असेल त्या सर्वांना सरसकट सहा गुण द्यावेत. उत्तर तपासण्याची आवश्यकता नाही. परीक्षकांनी पत्रक हातोहात वाचलं आणि पाच मिनिटांत तो प्रश्न सगळ्यांच्या डोक्यातून गेला. नुसता क्रमांक बघायचा, सहा लिहायचे, पान उलटायचं. काम भराभर उरकू लागलं. बाईंनीही तेच केलं. उत्तरांकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तरी नजर जायची, एखाद्या पानावर हजेरी, भाऊ, वाट असे शब्द दिसायचे, आणि त्या चटकन सहा लिहून पान उलटायच्या.

जूनमध्ये पत्र आलं. मंडळाची पुनर्रचना झाली होती. आजवरच्या सेवेबद्दल आभार मानले होते. अध्यक्षांनी फोन केला नाही, सनावळींनी केला. "मी म्हणालो होतो असं म्हणणार नाही," ते म्हणाले. "यंदा परत संस्थापक आणि वर्षंच आहेत. मला ठेवलंय त्यांनी." त्यांचा आवाज आनंदी नव्हता.

*

त्या दुपारी बाईंनी छापलेली प्रश्नपत्रिका पर्समधून काढली. आता त्यात गुप्त काही उरलं नव्हतं. मास्तर गॅलरीत बसले होते. बाईंनी ती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"बघा तरी. तुम्हाला दाखवलाच नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला. उतारे वाचले. परत वाचले. खाली रस्त्यावरून शाळा सुटलेली मुलं जात होती, त्यांचा गलका ओसरेपर्यंत ते वाचतच होते. मग त्यांनी हात पुढे केला. बाईंनी आतून वही आणून दिली.

त्यांनी पुष्कळ लिहिलं. मधूनच थांबून प्रश्नपत्रिकेत बोट घालून बघत होते, पूर्वी वर्गात पुस्तकात घालायचे तसं. लिहून झाल्यावर वही बाईंकडे सरकवली.

'तू गृहीत धरलं असशील की त्यानं अपयश झाकलं, कारण बायकांची अडचण त्याला दिसत नव्हती किंवा त्याला मोठेपणा हवा होता. असेलही. पण पाठिंबा मिळतो आहे, हे वाक्य बघ. हे तो कुणाला सांगतो? ज्यांच्या वर्गणीवर शाळा चालते त्यांना. अकरा लिहिले असते तर वर्गणी थांबली असती. मग त्या अकरा जणींनाही घरी जावं लागलं असतं. तो खोटं बोलला ते अकरा जणींसाठी. कदाचित रात्री झोपही लागली नसेल त्याला. आणि कदाचित खोटं बोलल्यामुळेच मुली का गळतात ते कुणी कधी शोधलं नाही, आणि पुढच्या वर्षी अकराच्या सहा झाल्या. दोन्ही खरं.'

बाईंनी निकष स्वतः लिहिले होते. हा मुद्दा त्यांत नव्हता. वर्गणी हा शब्द उताऱ्यात कुठेच नव्हता, म्हणजे आधाराच्या अटीनं याला एकही गुण मिळाला नसता. तीन महिने त्या या दोन उताऱ्यांबरोबर एकट्या बसल्या होत्या आणि हे त्यांना सुचलं नव्हतं. ज्या उत्तरपत्रिकांची पानं त्यांनी न वाचता उलटली, त्यांत कुणी हे लिहिलं होतं का, ते आता कधीच कळणार नव्हतं.

"असं कसं म्हणता," त्या घाईघाईनं म्हणाल्या. भांडण सुरू व्हावं असं त्यांना फार वाटत होतं. "वर्गणीचा उल्लेख कुठे आहे यात? आणि अकरा जणींसाठी खोटं बोलला म्हणता, मग बाकीच्या एकोणतीस जणींचं काय? त्यांच्या बाजूनं कोण बोललं?"

त्यांनी वही परत पुढे केली. मास्तरांनी ती घेतली, पेन्सिल टेकवली. थोडा वेळ ती तशीच कागदावर टेकलेली राहिली. मग त्यांनी मान हलवली, 'नंतर' अशी हातानं खूण केली, वही मिटून खुर्चीखाली ठेवली आणि डोळे मिटले.

बाई वाट बघत बसून राहिल्या. मास्तरांचा श्वास झोप लागल्यासारखा संथ होत गेला. खाली रस्ता रिकामा झाला होता.